टेलरचं घड्याळ घेतलंत, फावडं कुठे ठेवलंत?

आज संध्याकाळी एका तलाठी मैत्रिणीचा फोन आला. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आमच्या तोंडी तलाठीच.) त्यांच्याकडे गारपिटीचे पंचनामे चालू आहेत. ही सकाळी साडेसातपासून चिखलात, एकेका बागेत उभी. पावणेदहाला ॲपमध्ये चेहरा दाखवून हजेरी लावायची होती, तिथे रेंज नाही. संध्याकाळी ग्रुपवर गैरहजरांची यादी पडली, तिच्यात हिचं नाव. अर्ध्या दिवसाची रजा मांडली आणि खुलासा मागवला. "रडत नाहीये गं, आवाज बसलाय," म्हणाली. रडत होती.

त्याच ग्रुपवर एका वरिष्ठांनी लिहिलं होतं, काम मोजलं की काम वाढतं, हेच टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापन. ते वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. लोकप्रशासनाचा पेपर मीही दिलाय, मजुरांचं काम घड्याळ लावून मोजणारा हा अमेरिकन इंजिनिअर त्यात असतोच. टेलरचं नाव घ्यायचं तर पुरता टेलर घ्या.

1899 साली बेथलेहेम स्टील कंपनीत टेलरने कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणारी माणसं बघितली. एक लादी 92 पौंडांची, म्हणजे जवळपास 42 किलो. माणूस दिवसाला साडेबारा टन वाहायचा, तो साडेसत्तेचाळीस टनांवर गेला. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या पुढचं कोणी वाचत नाही. त्या माणसाची मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 डॉलर झाली. आणि टेलरचं गणित असं होतं की एवढं वजन उचलायचं तर माणसाच्या हातात ओझं दिवसाचा 43 टक्केच वेळ राहिलं पाहिजे, बाकी वेळ हात मोकळे. विसावा हा त्या पद्धतीचाच भाग होता. फावड्यांचंही तसंच. एका वेळी 21 पौंड माल उचलला तर दिवसाचं काम सर्वांत जास्त होतं हे त्याने शोधलं, आणि जड खनिजाला लहान, हलक्या कोळशाला मोठं अशी वेगवेगळी फावडी कंपनीने पुरवायची असं ठरवलं. मजुराने घरून आणायची नाहीत.

टेलरने या गोष्टी रंगवून सांगितल्या असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं, ते मान्य. माणसाला तो बैलासारखं बघायचा हेही मान्य. पण घड्याळ लावण्याआधी फावडं द्यायचं असतं एवढं त्याला कळत होतं. माझ्या मैत्रिणीला काय दिलं? रेंज नसलेल्या शिवारात उघडावं लागणारं ॲप.

आता माझी गोष्ट सांगते, काही जणांनी आधी ऐकली असेल. तहसीलमध्ये निराधार योजनेच्या टेबलावर मी नवीन लागले होते. उत्साहात एका दिवशी 22 अर्ज तपासून काढले. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरचे अण्णा, वीस वर्षांचे जुने कारकून, हळूच म्हणाले, "ताई, एवढी घाई करू नका. उद्या साहेब सगळ्यांकडून बावीस मागतील." दुसऱ्या दिवशी माझ्याशी कोणी नीट बोललं नाही. चहाला हाक आली नाही. आठवड्याभरात मी बारावर आले, आणि चहाही परत सुरू झाला.

तेव्हा मला अण्णांचा राग आला होता. मग हॉथॉर्न वाचलं. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931–32 मध्ये 14 पुरुषांच्या एका गटाचं काही महिने निरीक्षण केलं. टेलिफोनच्या यंत्रांना तारा जोडायचं काम. जास्त काम केलं तर जास्त पैसे, अशी योजना होती. तरी दिवसाला दोन संच पुरे, हे त्यांनी आपसात ठरवलेलं. जास्त करणाऱ्याच्या दंडावर बुक्की बसायची. कारण त्यांना वाटायचं, काम वाढलेलं दिसलं की कंपनी दर उतरवेल किंवा माणसं कमी करेल. अण्णांनी मला बुक्की मारली नाही, चहा बंद केला.

हॉथॉर्नमधून मानवी संबंधांचा विचार निघाला, पण तो म्हणजे वाढदिवसाचा केक आणि योगाचं शिबिर, असं आपल्याकडे समजतात. अरे, या प्रयोगांचा अर्थ लावणारा मेयो आणि त्याचे सहकारी सांगत होते ते वेगळंच होतं. माणूस एकट्याने काम करत नाही, टोळीने करतो, आणि टोळीचा वरिष्ठांवर विश्वास नसेल तर बक्षीस लावून काही होत नाही. हॉथॉर्नच्या निष्कर्षांवरही पुढे पुष्कळ टीका झाली. तिथल्याच दुसऱ्या प्रयोगात टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाचपैकी दोन मुलींना मध्येच बदललं होतं, त्यामुळे उत्पादन वाढलं ते आपुलकीनेच असं म्हणणं कठीण आहे. तेही असू दे.

पण बावीसची गोष्ट तिथे संपत नाही. वर्षभराने निपटाऱ्याचं लक्ष्य आलं, आठवड्याला साठ अर्ज. आम्ही गाठलं! कसं, ते लिहितेच. "त्रुटी पूर्ततेसाठी परत" असा शेरा मारला की अर्ज टेबलावरून जायचा आणि निकाली मोजला जायचा. साठातले अडतीस असे परत. आकडा हिरवा, म्हातारी दारात. लोखंडाची लादी गाडीत चढली की चढली, ती खोटी चढवता येत नाही. कागद खोटा चढवता येतो, म्हणून कारकुनाला टेलर जसाच्या तसा लावता येत नाही.

नंतर एक नायब तहसीलदार आले. ते दोन दिवस माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. घड्याळ नाही, नुसते बघत होते. परत गेलेले अडतीस अर्ज त्यांनी काढायला लावले. एकोणतीस अर्जांत त्रुटी एकच, मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला. त्यांनी अर्ज घेण्याच्या खिडकीवरच कागदांची यादी लावली आणि दाखल्याची तारीख बघूनच अर्ज घ्यायला सांगितलं. हे टेलरचं फावडं. मग सगळ्यांना बसवून म्हणाले, लवकर संपलं तर कोणाच्या टेबलावर नवीन काम टाकणार नाही, आणि परत गेलेला अर्ज निकालात मोजणार नाही. आधी विचारलं मात्र अण्णांना, की यादीत काय काय हवं. अण्णांनी रात्री घरी बसून ती यादी लिहून आणली. महिन्याभरात परत जाणारे अर्ज आठवड्याला सात-आठवर आले.

ते साहेब बदलून गेले आणि वर्षभरात यादी फाटली, हेही खरं.

तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका यांचं दुखणं आणखी वेगळं आहे. त्यांच्या शेजारी अण्णा नाही, चहा नाही, टोळी नाही. गावात एकटं उभं राहायचं, शिव्या एकटीने खायच्या. त्यांचं काम दिसतं ते पंचनाम्याच्या कागदावर, तोंडाच्या फोटोत नाही. दांडी मारणारे आहेत, नाही कोण म्हणतंय? पण दांडीबहाद्दर पावणेदहाला फोटो काढून घरी जातो, आणि चिखलात उभी असलेली गैरहजर ठरते.

1911 साली अमेरिकेच्या सरकारी वॉटरटाउन शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्यांवर घड्याळ लावलं, तेव्हा ते काम सोडून बाहेर पडले. संसदेने चौकशी केली आणि पुढे सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावायलाच बंदी घातली. आपल्याकडे 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. त्यांना आळशी म्हणणारे माझ्या मित्रयादीत असतील तर त्यांनी खुशाल निघून जावं.

अण्णा आता निवृत्त आहेत. मैत्रिणीचा खुलासा कसा लिहायचा म्हणून त्यांनाच फोन केला. म्हणाले, माफी मागू नका, कारणंही सांगत बसू नका. साडेसात ते एक कुठे होतात ते गट नंबर क्रमाने लिहा, प्रत्येकापुढे पंचांची नावं आणि वेळ, आणि पंचनाम्यांच्या प्रती जोडा. सतरा गट झालेत तिचे. आम्ही दोघी फोनवर लिहितोय, अकरावा चालू आहे.