हिरवा दिवा आणि मुका राउटर

रामबागेतल्या आमच्या घरी मागच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं. कंपनीचा राउटर दर्शनी भिंतीवर, आईची मालिका मागच्या खोलीत. मी नवा, चार काड्यांचा राउटर आणला. भिंतीवरच्या फायबरच्या डबीतली वायर जुन्यातून काढून नव्यात खोचली, युजरनेम-पासवर्ड टाकला आणि नेट गेलं.

ग्राहकसेवेतल्या मुलाचं निदान तयारच होतं: “सर, पासवर्ड गलत होगा. राउटर रीस्टार्ट करिए.” रीस्टार्ट म्हणजे त्यांचा गंगाजलाचा तांब्या. पण डबीवरचा PON दिवा स्थिर हिरवा होता, LOS चा लाल दिवा बंद, म्हणजे फायबर ठीक. शिवाय पासवर्ड चुकला असता तर समोरून नकार आला असता. इथे राउटर एवढंच म्हणत होता की सर्व्हर उत्तरच देत नाही. नकार आणि शांतता यांतला फरक लग्न झालेल्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही.

आई बाहेरून विचारत होती, “अरे, आलं का?” मी म्हटलं, “येतंय.” तेवढ्यात शेजारचे जोशीकाका डोकावले. “जुनं चांगलं चाललं होतं ना रे?” काकांना नेमकं वाईट वेळीच सुचतं.

शेवटी जुना राउटर परत जोडला, ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडलं, खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकला. WAN च्या पानावर कोपऱ्यात होतं: `VLAN ID: 100`. या एका वायरीतून इंटरनेट, फोन, टीव्ही सगळं येतं, आणि लग्नाच्या दारात जसं मुलाकडचे की मुलीकडचे विचारतात, तसा डेटाच्या प्रत्येक पाकिटावर असा आकडा लागतो. नवा राउटर आकडा न लावताच “कोणी आहे का?” ओरडत होता. तिकडे ते पाकीट कोणी उघडूनही पाहत नव्हतं. आकडा कंपनीगणिक वेगळा असू शकतो, माझा तुमच्याकडे चालेलच असं नाही.

नव्या राउटरमध्ये तो टाकायची जागा मात्र ‘IPTV/VLAN’ या पानात दडलेली. इंटरनेटचं दुखणं टीव्हीच्या पानावर कोण शोधणार? तिथे इंटरनेटसमोर १०० लिहिलं, टॅगची खूण केली. (स्वस्त राउटरांत हे पानच नसतं, घेताना विचारून घ्या.) तरीही लगेच लागेना, कारण सर्व्हरच्या लेखी जुना राउटर अजून लॉगिनच होता. दोन्ही बंद करून थोडा वेळ थांबलो, मग नवा चालू केला. कनेक्टेड!

संध्याकाळी लाइनमन आला. “भिया, लाइट तो हरी है.” मी VLAN चं सांगितलं. त्याने मान हलवली, फोनवर काहीतरी टिचकलं आणि गेला. पाच मिनिटांत एसएमएस आला: तक्रार निवारण झाली, कारण: राउटर रीस्टार्ट.