सात फोटो उशीचे, लेबलचा एकही नाही

लहान मुलाची जुनी कार सीट विकायला काढली की लोक फोटो कशाचे टाकतात? समोरून एक, बाजूने एक, चंद्र-तारे छापलेल्या कापडाचे दोन, डोक्याखालच्या उशीचे दोन, आणि शेवटी पिशवीत भरलेल्या सीटचा एक. खाली लिहायचं, "एकदम नव्यासारखी, फक्त दोनदा वापरलेली". अरे, उशी धरून ठेवणार आहे का पोराला? ब्रेक लागल्यावर जे काम करतं ते म्हणजे प्लास्टिकचा सांगाडा, पट्टे, पट्ट्यांची शिलाई आणि बकल. ही सीट कोणत्या चाचणीतून गेलीय ते सांगतं लेबल. नेमके या पाचांचेच फोटो नसतात. मागितले तर विचारतात, "लेबल कशाला हवंय, घ्यायची आहे की नाही?"

लेबलसाठीच तर घ्यायची आहे! लेबल नसेल तर ती कार सीट नाही, पट्टे लावलेली खुर्ची आहे.

आपल्याकडे फिरणाऱ्या बऱ्याच सीटवर युरोपातल्या आर-४४ नियमाचं लेबल असतं, बहुधा नारिंगी, सीटच्या पाठीला किंवा बुडाला चिकटवलेलं. आपला भारतीय नियम एआयएस-०७२ हाही त्याच नियमावर बेतलेला आहे. नव्या सीटवर आर-१२९ असतं आणि त्यात मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. आर-४४ मध्ये वजन किलोत असतं. हा फरक फोटोत एका नजरेत कळतो. पण लोक बघतात काय, तर सीई ही दोन अक्षरं! सीईची खूण खेळण्यांवर असते, चार्जरवर असते. कार सीटची मान्यता तिच्यावरून ठरतच नाही. सीटवर हवा तो गोलातला ई आणि त्याच्या बाजूचा आकडा. तो आकडा म्हणजे दर्जा नव्हे. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. मान्यता कोणत्या देशाने दिली एवढंच तो सांगतो. "ई-४ आहे, म्हणजे फोर स्टार" असं बिनदिक्कत लिहिणाऱ्यांना काय म्हणावं?

आता समजा, फार मागे लागल्यावर विक्रेत्याने लेबलचा फोटो पाठवला आणि त्यावर हे दिसलं:

```
ECE R44/04
UNIVERSAL
0-18 kg   Y
(E4)
03441234
```

वरवर सगळं ठीक वाटतं. वजनाचा पल्ला आहे, पायांमधून पट्टा येतो हे सांगणारा वाय आहे, गोलातला ई आहे. पण शेवटची ओळ वाचा. मान्यता क्रमांकाचे पहिले दोन आकडे हे नियमाच्या कोणत्या सुधारणेखाली मान्यता मिळाली ते दाखवतात. वर ०४ लिहिलंय, तर क्रमांकही ०४ नेच सुरू व्हायला हवा. इथे तो ०३ ने सुरू होतो. म्हणजे एक तर लेबल खोटं आहे, किंवा ते छापणाऱ्याला त्याचा अर्थच माहीत नव्हता, आणि दोन्हीचा निकाल एकच: ही सीट घ्यायची नाही. उलट, वर ०३ आणि क्रमांकातही ०३ असेल तर लेबल खरं असू शकतं, पण ते आधीच्या सुधारणेचं आहे. ०४ ची सुधारणा २००५ मध्ये आली. मग सीटच्या वयाचं काय ते तुम्हीच मोजा.

वयावरूनही असाच संताप येतो. "बिल नाहीये, पण तीनेक वर्षं झाली असतील." बिल हवंय कुणाला? आर-४४ नुसार सीटच्या एखाद्या प्लास्टिकच्या भागावर उत्पादनाचं वर्ष न पुसलं जाईल असं उमटवलेलं असावं लागतं. सीट उलटी करा. बुडाला किंवा पाठीला एका रुपयाच्या नाण्याएवढं किंवा त्याहून लहान वर्तुळ सापडेल, आत बाण, कडेला १ ते १२ आकडे. बाणाचं टोक ज्या आकड्याकडे तो महिना, आणि बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे शेवटचे दोन आकडे. बाणाच्या एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ६ आणि टोक ९ कडे, म्हणजे तो तुकडा सप्टेंबर २०१६ मध्ये साच्यातून निघाला. वेगवेगळ्या तुकड्यांवर काही महिन्यांचा फरक असतोच, कारण तुकडे आधी ओतून ठेवतात आणि सीट नंतर जुळवतात. पण सांगाडा २०१६ चा आणि चिकटवलेल्या लेबलवर २०२१, असं दिसलं तर लेबल दुसऱ्या सीटवरून आलंय असंच धरून चाला.

यासाठी फोटो कसा काढायचा तेही सांगायला लागतं! चकचकीत लेबलवर फ्लॅश मारून मधोमध पांढरा डाग आणायचा आणि म्हणायचं, "दिसतंय की". फ्लॅश बंद करा, खिडकीपाशी सावलीत धरा, मोबाइल वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका. उठावाच्या अक्षरांसाठी उलट: खोलीत अंधार करून टॉर्च प्लास्टिकला जवळजवळ टेकवून बाजूने मारा, म्हणजे अक्षरांची सावली पडते आणि ती वाचता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक आकडे विरघळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि नुसत्या लेबलचा जवळचा फोटो पुरत नाही, कारण तो कुठल्याही सीटचा असू शकतो. लेबल, भोवतीचं प्लास्टिक आणि कापडाची कड हे सगळं एकाच चौकटीत हवं.

पट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको इतकी अनास्था. खांद्याच्या पट्ट्यांवर पॅडची खोळ घातलेली, आणि पट्टा दिसतो केवढा, तर दोन बोटं. खोळ काढा. दोन्ही पट्टे टोकापासून टोकापर्यंत शेजारी शेजारी पसरा आणि बाजूला शाळेतली पट्टी ठेवा. लहान मुलांच्या सीटचा पट्टा आर-४४ प्रमाणे किमान २५ मिलीमीटर रुंद असावा लागतो. काही पट्ट्यांच्या कडेला किंवा मागे लपणाऱ्या टोकाला अक्षरं आणि आकडे छापलेले असतात. एका पट्ट्यावर छपाई आणि दुसरा कोरा, किंवा दोन्हींची वीण वेगळी, तर एक पट्टा बदललेला आहे. कुणी बदलला, कुठला बसवला? उत्तर बहुतेक वेळा शिलाईत मिळतं. कारखान्यातली शिलाई दाट असते, एकाच नक्षीत पुन्हा पुन्हा गेलेली आणि दोन्ही बाजूंना सारखीच. मोच्याने किंवा बॅगवाल्याने मारलेल्या दोन सरळ टिपा, जरा वेगळ्या रंगाचा दोरा आणि शेजारी जुन्या टाक्यांची रिकामी भोकं फोटोत लपत नाहीत. तो कारागीर आपलं काम चोखच करतो, पण त्याला दप्तर शिवायला सांगितलंय का जीव धरणारा पट्टा, हे कुणी सांगितलेलं नसतं. छपाई एकाच जागी घासून गेलेली, तिथे पट्टा कडक किंवा चमकदार झालेला असेल तर तोही भाग जवळून मागा. आणि कृपा करून "पट्टे ब्लीचमध्ये धुऊन स्वच्छ केलेत" हे गुण म्हणून लिहू नका. ब्लीचने धागा कमजोर होतो, म्हणूनच सूचनापुस्तिकेत पट्टे ओल्या फडक्याने पुसा म्हटलेलं असतं.

बकलचं लाल बटण सगळे दाखवतात, मागची बाजू कुणी दाखवत नाही. नाव, क्रमांक, तारीख असतात त्या बहुतेक वेळा मागेच. आर-४४ मध्ये बटण लाल हवं आणि बकलचा दुसरा कोणताही भाग लाल नसावा. उघडण्यासाठी ४० ते ८० न्यूटन जोर लागावा, म्हणजे पोराला सहज उघडता येऊ नये आणि मोठ्या माणसाला अडू नये. फोटोत जोर दिसत नाही, पण खाचेत साठलेले बिस्किटाचे कण दिसतात. अमेरिकेत २०१४ मध्ये ग्राको कंपनीला लाखो सीटची बकलं परत बोलवावी लागली, कारण खाण्यापिण्याच्या सांडलवंडीने ती उघडेनाशी होत होती. अशी परत बोलावलेली सीट ओळखायची तर मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाची तारीखच हाताशी हवी. पुन्हा लेबल!

बाळाला अंगावर घ्यायच्या कॅरिअरचीही तीच रड. मांडीचा मऊपणा, कापडाची नक्षी, सगळं दाखवतील. कंबरेच्या बकलचे दोन्ही तुकडे उघडून, उलटे करून शेजारी ठेवा. कंपनीचं नाव आणि प्लास्टिकचा प्रकार, उदाहरणार्थ पीओएम, उठावात असतो. दोन तुकड्यांवर दोन वेगळी नावं असतील तर एक तुटला आणि बाजारातला दुसरा लावला. तो बसल्यासारखा वाटतो आणि वजन आलं की सुटतो. दुसरं, पट्ट्याचं मोकळं टोक: ते दुमडून शिवलेलं हवं, म्हणजे पट्टा सैल झाला तरी बकलमधून निसटून बाहेर येत नाही. टोक नुसतं लायटरने जाळून बंद केलेलं दिसलं तर पुढचे फोटो बघूच नका. आणि कॅरिअर घालून गाडीत बसणाऱ्यांनो, ते लेबल वाचा. त्यावर किमान आणि कमाल वजन आहे, गाडीसाठीची मान्यता कुठेही नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं: १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालसीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. त्यातून हजार वाचवण्यापुरती "कार सीट" म्हणून चार पट्टे शिवलेली कापडी गादी विकणारे उगवले. तिला सांगाडा नाही, ई नाही, क्रमांक नाही. विक्रेत्याला लेबल विचारलं की तो धुण्याच्या सूचनांचा टॅग पाठवतो. तीस अंशांत धुवा, इस्त्री करू नका. हे लेबल?

आणि ज्यांच्या सीटचं लेबल खरंच पडलंय, प्लास्टिकवरचं वर्षही वाचता येत नाही, त्यांनी ती पाचशे रुपयांना "चालेल कुणाला तरी" म्हणून टाकू नये. खांद्याचे दोन्ही पट्टे आणि मधला पट्टा कात्रीने बकलच्या जवळ कापा, सांगाड्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत "निकामी" लिहा आणि मगच भंगारवाल्याला द्या. नाही तर ती तशीच्या तशी पुढच्या आठवड्यात नव्या सात फोटोंसकट परत येते.