फर्लो मिळत असताना पॅरोल मागू नका

शिक्षा लागलेल्या माणसाच्या घरचे पहिला प्रश्न विचारतात तो "पॅरोल कधी मिळेल?" असा. मला वाटतं, आधी विचारायला हवं ते फर्लोबद्दल. दोन्ही म्हणजे कैद्याला काही दिवस घरी जायला मिळणारी रजा, आणि महाराष्ट्रात दोन्हींचा पाया 1959 च्या फर्लो आणि पॅरोल नियमांत आहे. सरकारी कागदावर फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांचा रस्ता जामिनाचा.

फर्लोला कारण लागत नाही. ठरावीक काळ प्रत्यक्ष कैद भोगली आणि वर्तन चांगलं असलं की कैदी ती मागू शकतो. माणसाचा घराशी धागा तुटू नये हाच तिचा हेतू. पॅरोलला मात्र ठोस कारण लागतं: घरातला मृत्यू, लग्न, जवळच्याचं गंभीर आजारपण, पत्नीचं बाळंतपण, घर पडणं.

खरा फरक दिवसांच्या हिशेबात आहे. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. पॅरोलवर महिनाभर बाहेर राहिलात तर तो महिना नंतर आत काढावा लागतो. जन्मठेपेच्या कैद्याला हे जास्त बोचतं. गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं, की मुदतपूर्व सुटकेसाठी लागणारी 14 वर्षांची प्रत्यक्ष कैद मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. म्हणून फर्लोला पात्र असताना "आई आजारी आहे" असं ओढूनताणून कारण देऊन पॅरोल मागणं हे स्वतःचंच नुकसान आहे. शिवाय खोटा दाखला पकडला गेला की पुढचे अर्जही संशयात जातात.

अर्जाचा प्रवास समजून घ्या. फर्लोचा अर्ज कैदी जेल अधीक्षकांकडे देतो आणि मंजुरी कारागृह उपमहानिरीक्षकांकडून येते. पॅरोलसाठी नातेवाईक किंवा वकीलही अर्ज करू शकतात. नियमित पॅरोलचा निर्णय विभागीय आयुक्तांकडे जात आला आहे. घरात मृत्यू झाला तर तातडीचा 14 दिवसांचा पॅरोल असतो, तो अधीक्षक देऊ शकतात. नियमांत 2016 आणि 2018 मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या, म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या जुन्या प्रतीवरून दिवस आणि पात्रता ठरवू नका. कैद्याला भेटायला जाल तेव्हा जेलच्या कार्यालयात आजचा नियम विचारा आणि अर्जाचा आवक क्रमांक लिहून घ्या.

बहुतेक अर्ज अडतात ते पोलीस अहवालावर. समजा, कैदी येरवड्यात आहे आणि गाव सातारा जिल्ह्यात. अर्ज गावच्या पोलीस ठाण्यात येतो, हवालदार जामीनदाराचा जबाब घ्यायला घरी जातात. जामीनदार म्हणून नाव दिलेला चुलता शेतावर असतो, किंवा ऐनवेळी "मला कोर्टकचेरी नको" म्हणतो. अहवालात लिहिलं जातं: जामीनदार तयार नाही. अर्ज तिथेच संपतो. म्हणून जामीनदार आधी पक्का करा. कैद्याला घरात ठेवून घ्यायची आणि वेळेवर परत पाठवायची जबाबदारी त्याची आहे, हे त्याला नीट सांगा. आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा त्याच्या हाताशी असू द्या.

दुसरा शेरा ठरलेला: "फिर्यादी त्याच गावात राहतो, शांतता भंग होईल." यावर उपाय अर्जातच करा. दुसऱ्या तालुक्यातल्या बहिणीचा पत्ता द्या, तिलाच जामीनदार करा. तरीही नुसत्या शंकेवर नकार आला तर गप्प बसू नका. नकाराची लेखी प्रत मागा, वरिष्ठांकडे अपील करा आणि मग उच्च न्यायालयात फौजदारी रिट करा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. नुसत्या मोघम भीतीवर रजा नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला निरोप द्यायला एका बापाला पॅरोल दिला, दुःखासाठी रजा मिळते तर आनंदासाठी का नाही, असं म्हणत.

आजारपणाच्या पॅरोलला "उपचार चालू आहेत" एवढाच दाखला पुरत नाही. आजार कोणता, शस्त्रक्रिया कधी, सांभाळायला घरात दुसरं कोण आहे, हे सगळं त्यात किंवा अर्जात हवं. दाखल्याची पडताळणी रुग्णालयात होते. अहवालालाच आठवडे जातात, त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख मिळताच अर्ज टाका.

रजा मिळाल्यावर पोलीस ठाण्यातली हजेरी चुकवू नका. मुदतवाढीचा अर्ज दिला असला तरी लेखी मंजुरी हातात नसेल, तर ठरल्या दिवशी जेलच्या दारात हजर व्हा. "अर्ज प्रलंबित होता" हे कारण चालत नाही. उशीर झाला तर जामीनदाराची रक्कम जप्त होऊ शकते, शिक्षेत मिळालेले माफीचे म्हणजे सुटीचे दिवस कापले जातात, गुन्हाही दाखल होऊ शकतो आणि पुढची फर्लो अडते.