खोडरबर का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "एवढा लांब लेख कशाला? माझा डावा बड चार्ज होत नव्हता. खोडरबराने घासला, दोन मिनिटांत चालू. स्पिरिट, काडी, फडकं ही सगळी नाटकं आहेत. आणि बॅटरीच गेली असेल तर पुसून काय उपयोग, ते तुम्ही लिहीतच नाही. फोटोही धड दिसत नाही. लोकांचा वेळ खाऊ नका."

नमस्कार. चार्ज न होणारा इअरबड आणि त्याचा चार्जिंग केस कसा पुसायचा, या माझ्या लेखावरची तुमची ही प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पण 'नाटकं' आणि 'वेळ खाऊ नका' हे शब्द मला लागले, ते सांगून टाकतो. दिवसभर दुकानात बसून, शटर ओढल्यावर मी हे लेख लिहितो. त्यातून मला पैसे मिळत नाहीत. गिऱ्हाइकाने नवीन जोडी घेण्याआधी जुनी एकदा नीट तपासावी, एवढ्यासाठी लिहितो. चूक दाखवायला माझी कधीच हरकत नसते, पण समोरचा माणूस लोकांना फसवतोय असं धरून चालायचं काय कारण?

फोटोचं तुमचं बरोबर आहे. ट्यूबलाइटखाली काढलेला आहे, त्यात पिना ओळखू येत नाहीत. तो बदलतो.

आता खोडरबर. तुमचा बड चालू झाला हे मी अजिबात नाकारत नाही. होणारच होता. वरचा काळा थर रबराने निघतो आणि खालचा धातू पिनेला टेकतो. माझा आक्षेप आहे तो त्या थरासोबत आणखी काय निघतं याला.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसत मी या धंद्यात आलो. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा रॅमचे सोनेरी पॉइंट आम्हीही खोडरबरानेच पुसायचो, आणि मशीन चालू व्हायचं. त्यामुळे ही युक्ती मला ठाऊक नाही असं समजू नका. पण रॅमची पट्टी बाहेर काढून टेबलावर ठेवता येते, तिचे पॉइंट सपाट आणि उघडे असतात, भुगा ब्रशने झटकता येतो आणि एकदा बसवली की ती वर्षानुवर्षं कोरड्या डब्यात पडून असते. इअरबड रोज घामेजलेल्या कानातून निघतो आणि दिवसातून कितीदा तरी केसमध्ये जातो. दोन्हींना एकच औषध चालत नाही.

बडवर जे दोन छोटे सोनेरी ठिपके दिसतात (काहींवर तीन असतात) त्यावरचं सोनं म्हणजे नुसता मुलामा असतो, सहसा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. त्याखाली निकेल, आणि त्याच्या खाली तांबं किंवा तांब्याचा मिश्रधातू. सोन्याला घामाने काही होत नाही, म्हणून तर ते वर दिलेलं असतं. खोडरबर, त्यातही शाईचं करडं रबर, म्हणजे मऊ पॉलिशपेपरच समजा. दोन-चारदा घासलं की ठिपक्याचा मधला भाग पांढरट दिसू लागतो. ते निकेल. आणखी घासलं की लालसर झाक येते. ते तांबं, आणि तिथून खरी अडचण सुरू होते.

कारण केसमधल्या ज्या पिना या ठिपक्यांना टेकतात, त्यांवर वीज असते. ठिपक्यावर घामाचा ओलसर थर असताना बड केसमध्ये गेला की दोन ठिपक्यांमधून त्या खारट थरातही थोडी वीज वाहते आणि धन बाजूचा धातू झिजून विरघळत जातो. म्हणूनच हिरवा थर दोन्ही ठिपक्यांवर सारखा चढत नाही, एकावर जास्त दिसतो. पितळेच्या भांड्याला कळंक येतो तसाच हा प्रकार, फक्त विजेमुळे त्याला वेग येतो. सोन्याचा थर शाबूत असेल तर बहुतेक वेळा नुसता मळ आणि मीठ साचतं, ते पुसलं की निघतं. सोनं खरवडून काढलेलं असेल तर तोच ठिपका पुन्हा पुन्हा हिरवा पडतो आणि दर वेळी आणखी घासावा लागतो. शेवटी घासायला धातूच उरत नाही.

याहून मोठी भानगड भुग्याची आहे. बडवरचे ठिपके सपाट असतात, पण केसच्या आतल्या पिना स्प्रिंगवर असतात. खड्ड्याच्या तळाशी बारीक नळीत बसवलेली टोकं, दाबली की आत जातात आणि सोडली की वर येतात. रबराचा भुगा बडला चिकटून त्या खड्ड्यात उतरला, किंवा कुणी रबराचा कोपराच आत घालून फिरवला, की पिनेच्या कडेला भुगा अडकतो आणि ती अर्ध्यातच रुतून बसते. मग बड कितीही चकचकीत असो, पिन त्याला शिवतच नाही.

असाच एक केस माझ्याकडे आला होता. कॉलेजचा मुलगा, रोज जिमला जाणारा, उजवा बड चार्ज होत नाही ही तक्रार. आधी खोडरबराने चालू झाला होता, मग पुन्हा बंद. मी बड केसमध्ये ठेवला, झाकण लावलं आणि त्याला फोनवर ब्लूटूथ बघायला सांगितलं. उजवा बड बंद केसमध्ये असूनही फोनला जोडलेला दिसत होता. एवढ्यावरच अर्धं निदान झालं. पिना टेकल्या की बडला कळतं की आपण घरी आलो, आणि तो फोनपासून सुटतो. सुटला नाही म्हणजे केस आणि बड यांची गाठच पडत नाही. शिवाय असा बड रात्रभर चालूच राहतो आणि सकाळी रिकामा सापडतो, म्हणून माणसाला वाटतं बॅटरी गेली.

भिंगाखाली बघितलं तर केसमधली एक पिन दुसरीपेक्षा खाली, आणि तिच्याभोवती राखाडी कडं. रबर आणि कानातला मळ एकत्र लिंपलेला. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, काडी बोटांनी पिळली, म्हणजे ओली राहील पण थेंब पडणार नाही. केस उलटा धरून कडं पुसलं, जेणेकरून सुटलेला मळ खाली पडेल, आणखी आत जाणार नाही. मग लाकडी टूथपिकच्या बोथट टोकाने पिन हलकेच दाबली आणि सोडली. सुरुवातीला ती आळसावून वर येत होती. पुन्हा पुसलं, पुन्हा दाबलं, तेव्हा कुठे शेजारच्या पिनेइतकी उसळली. बडवरचे ठिपके त्याच अल्कोहोलने पुसले आणि जाळीची बाजू वर ठेवली, कारण अल्कोहोल जाळीत गेलं तर विरघळलेला मळ घेऊन आतच जातं. सगळं उघडं ठेवून चांगलं वाळू दिलं. मग बड ठेवला, फोनवरून लगेच सुटला आणि टक्के चढू लागले. ठिपक्यावर लालसर डाग मात्र कायमचा राहिला. त्या मुलाला मी स्पष्ट सांगितलं की हा बड आता जिमनंतर पुसल्याशिवाय केसमध्ये ठेवू नकोस.

तुम्ही ज्यांना नाटकं म्हणता ती प्रत्येक गोष्ट या कारणांनी आलेली आहे. लाकडी काडी अशासाठी की सुई किंवा सेफ्टीपिनने दोन पिना एकमेकींना जोडल्या गेल्या तर शॉर्ट होतो. बऱ्याच केसमध्ये त्यासाठी संरक्षण असतं, पण सगळ्यांत असेलच याची खात्री नाही, आणि केसला बंद करायचं बटण नसतं. ९९ टक्क्यांचं अल्कोहोल अशासाठी की ते लवकर उडतं. ७० टक्क्यांचंही चालेल, पण त्यात बाकीचं पाणी असतं, तेव्हा जास्त वेळ वाळवा. हँड सॅनिटायझर नको, कारण त्यातलं ग्लिसरीन चिकट थर मागे सोडतं आणि त्यावर धूळ बसते. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर प्लास्टिकच खातं. यात वेळ खाण्यासारखं काय आहे, ते तुम्हीच सांगा.

बॅटरीबद्दल मी लिहीत नाही, हे तुमचं विधान साफ चुकीचं आहे. मूळ लेखाचा शेवटचा भाग तोच आहे. बॅटरी संपलेली असेल तर पुसून उपयोग नाही, हे मलाही मान्य आहे, कधी अमान्य नव्हतं. प्रश्न ती संपली आहे हे ओळखायचं कसं, हा आहे. वर सांगितलेली ब्लूटूथची तपासणी इथेच कामी येते. बड केसमध्ये ठेवल्यावर फोनपासून सुटतो, म्हणजे संपर्क होतोय, आणि तरी टक्के चढत नाहीत किंवा शंभर दाखवून गाणं लावताच थोड्या वेळात कोसळतात, तर बडमधली बॅटरी थकली आहे. ती सहसा ३० ते ६० एमएएचची इवलीशी असते आणि बड चिकटवून बंद केलेला असतो, त्यामुळे बहुतेक वेळा ती बदलण्याऐवजी एकच बड मिळतो का ते बघणं परवडतं. बड बरेच महिने पडून असेल तर मात्र घाई करू नका. पार उतरलेली लिथियम बॅटरी सुरुवातीला अगदी थेंबाथेंबाने चार्ज होते. केस चार्जरला लावून दोन-तीन तास बड तसाच ठेवा, मग निर्णय घ्या.

आणि पुसण्याच्याही आधी बड नीट बसतोय का ते बघा. बाहेरून घेतलेले मोठे रबरी टिप लावले, किंवा बडला सिलिकॉनचं कव्हर घातलं, की तो केसमध्ये किंचित वर राहतो. चुंबक त्याला ओढून धरतो म्हणून बसल्यासारखा वाटतो, पण पिना टेकत नाहीत. बोटाने दाबून बघा. दाबल्यावर दिवा लागला आणि सोडल्यावर विझला, तर टिप काढून पुन्हा ठेवा. टिप काढूनही तसंच झालं तर पिन रुतली आहे. नव्या जोडीत तर कधी कधी ठिपक्यांवर कंपनीची पारदर्शक पट्टीच चिकटलेली असते, ती काढायची राहते.

तुम्ही मल्टिमीटर लावायचा विचार करत असाल तर एक लक्षात ठेवा. बरेच केस आत बड ओळखल्याशिवाय पिनांवर पूर्ण ५ व्होल्ट देत नाहीत. मीटरवर शून्य आलं म्हणून केस मेला असं समजून फेकून देऊ नका. दुसरा बड त्याच केसमध्ये चार्ज होत असेल तर केसची बॅटरी ठीक आहे, एवढं तेवढ्यावरूनच कळतं.

तुमचा डावा बड आज चालू आहे, चांगलंच आहे. उजेडात त्याच्या ठिपक्यांचा रंग बघा. सोनेरी असतील तर पुढच्या वेळी फक्त अल्कोहोल वापरा. पांढरट किंवा लालसर दिसले तर रोज कानातून काढल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसूनच केसमध्ये ठेवा, आणि रबर त्याच्या जवळही नेऊ नका.