पाणी बंद आहे एवढंच सांगायचं होतं ना

आज डोकं फिरलंय, म्हणून मोठं लिहितोय, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली आणि आज सकाळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊन दारात उभ्या. नळाला पाणी नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, घरात एकटी, तिला पत्ताच नाही. मी म्हटलं आजी, काल मेसेज आला होता की. तर म्हणाल्या, "आला होता रे, पण मला वाटलं मीटिंगचं काहीतरी असेल." मला आधी त्यांचाच राग आला, मग मी परत जाऊन ती नोटीस नीट वाचली. ही घ्या, एक अक्षर बदललेलं नाही:

"सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना या सूचनेद्वारे असे कळविण्यात येते की, आपल्या सोसायटीच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीची स्वच्छता करण्याचे काम हाती घेण्यात येणार असल्याच्या कारणास्तव, गुरुवार या दिवशी सकाळी ९ वाजल्यापासून ते दुपारी ४ वाजेपर्यंतच्या कालावधीदरम्यान पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे, या वस्तुस्थितीची सर्वांनी कृपया नोंद घ्यावी, जेणेकरून कोणत्याही प्रकारची गैरसोय होणार नाही, ही नम्र विनंती."

मोजा. गुरुवार हा शब्द पंचविसावा आहे. त्याआधीचे चोवीस शब्द वाचून कुठल्या दिवशी काय होणार हे कळत नाही. आणि 'बंद' हा शब्द सदतिसावा. फोनच्या स्क्रीनवर वर जी पट्टी येते तिच्यात पहिले सात-आठ शब्द दिसतात, म्हणजे आजींना दिसलं काय, तर आपण सन्माननीय आहोत! आणि एवढं पुराण लावून "आदल्या रात्री पाणी भरून ठेवा" ही एकच कामाची गोष्ट त्यात नाहीच.

मला अशा वेळी आमचे अण्णा आठवतात. माझी पहिली नोकरी एका दैनिकाच्या डेस्कवर होती, तिथे अण्णा मुख्य उपसंपादक, सगळं डेस्क त्यांना टरकून. बातमीत "पुणे या ठिकाणी" असं दिसलं की लाल पेन थांबायचं आणि वर न बघता विचारायचे, "का हो, पुणे हे ठिकाण नाही असं कुणी म्हटलं का?" पुणे या ठिकाणी नाही, पुण्यात. गुरुवार या दिवशी नाही, गुरुवारी. आपल्या भाषेला विभक्ती दिलीय ती कशाला दिलीय? इंग्रजीवाल्याला वेगळा शब्द ठेवावा लागतो तिथे आपलं एका मात्रेत भागतं, आणि आपण काय करतो तर ती मात्रा काढून तिथे दोन शब्द बसवतो.

अण्णांची रीत सोपी होती. आधी क्रियापद शोधायचं. खरं काम काय होतंय? मग त्याच्या अंगावरचे कपडे एकेक उतरवायचे. हीच नोटीस घ्या. "स्वच्छता करण्याचे काम हाती घेण्यात येणार आहे." काम हाती घेणार म्हणजे करणारच ना, मग "स्वच्छता करण्यात येणार आहे." करण्यात येणार म्हणजे कोण करणार? आपणच. मग "स्वच्छता करणार आहोत." स्वच्छता करणार म्हणजे साफ करणार, आणि टाकी साफ करतात म्हणजे काय करतात, धुतात. "टाकी धुणार आहोत." बस. यात 'कोण?' हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण 'करण्यात येणार आहे'मध्ये करणारा माणूस गायब होतो. उद्या टाकी धुतली गेली नाही तर जाब विचारायला कुणी सापडत नाही. काही लोकांना तेच हवं असतं, मी नावं घेत नाही.

तर पूर्ण नोटीस अशी झाली असती: "गुरुवारी सकाळी ९ ते दुपारी ४ पाणी बंद. गच्चीवरची टाकी धुणार आहोत. बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवा." आजींनी पट्टीवरच वाचून हंडा भरला असता.

कुणीतरी म्हणेल इंग्रजीतही हेच चालतं. चालतं ना, आपल्याकडे निम्मं तिकडूनच आलंय! 'इन ऑर्डर टू'चं झालं 'करण्याच्या उद्देशाने', 'द फॅक्ट दॅट'चं झालं 'या वस्तुस्थितीची', आणि 'व्हेरी युनिक' आता प्रत्येक जाहिरातीत 'अत्यंत अद्वितीय' होऊन बसलंय. तिकडे कॉर्नेल विद्यापीठातले प्रोफेसर विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या छोट्या पुस्तिकेत सांगून ठेवलं होतं की 'द फॅक्ट दॅट' ज्या ज्या वाक्यात दिसेल तिथून काढा. 'ओविंग टू द फॅक्ट दॅट' काढून नुसतं 'बिकॉज' चालतं, 'इन स्पाइट ऑफ द फॅक्ट दॅट' काढून 'ऑल्दो' चालतं. शंभराच्या वर वर्षं झाली. तिकडचे लोक तो शब्दप्रयोग काढायला शिकवतात आणि आपण भाषांतर करून आणतो! आपल्याला तर 'हे' एवढं एक अक्षर पुरतं. "तो आला नाही या वस्तुस्थितीमुळे मला वाईट वाटलं" असं कुठल्या घरात बोलतात? "तो आला नाही याचं वाईट वाटलं." झालं.

'अत्यंत अद्वितीय'चं तर काय सांगू. अद्वितीय म्हणजे ज्याला दुसरा नाही. दुसरा नाही यात 'अत्यंत' कुठे घुसवणार, दुसरा अत्यंत नाही? एकच असणं कमीजास्त होत नाही. आता 'जवळजवळ एकमेव' चालतं, 'कदाचित एकमेव'ही चालतं, कारण त्यातून एकपणाला किती कसर आहे किंवा आपली खात्री किती आहे हे कळतं. 'अत्यंत'मधून काय कळतं? लिहिणाऱ्याला विशेषण कमी पडलं एवढंच. 'सर्वात सर्वोत्कृष्ट' त्यातलंच, 'परत पुन्हा एकदा' त्यातलंच.

बरं, छांदोग्य उपनिषदात 'एकमेवाद्वितीयम्' आहे, एकच आणि वर दुसरं नसलेलं, दोनदा तेच. ते उपनिषद आहे बाबांनो, त्यांना चालतं, फ्लॅटच्या जाहिरातीला नाही.

आणि एक गोष्ट मराठीसाठी वेगळी आहे, ती इंग्रजीचे नियम तसेच उचलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत कर्ता आला की लगेच क्रियापद, भरताड बरीचशी मागे लोंबते, वाचणारा अर्ध्यात उठला तरी मुख्य गोष्ट कळलेली असते. आपल्याकडे सगळी भरताड क्रियापदाच्या आधी बसते, म्हणजे प्रत्येक फालतू शब्द मुख्य बातमीला एकेक पायरी मागे ढकलतो. म्हणून 'बंद' सदतिसावा. म्हणून मराठीत जास्त कापायला हवं.

पूर्वी तारेला शब्दाप्रमाणे पैसे पडायचे तेव्हा अडाणी माणूससुद्धा कापून लिहायचा. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली आणि आता व्हॉट्सॲपला तर काहीच पडत नाही, लिहा किती लिहायचं ते. पण एसएमएसला अजून पडतात बरं का! रोमन अक्षरातला साधा एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरीतला फक्त ७०, आणि त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, मधली मोकळी जागा, सगळं वेगवेगळं मोजतात. "सर्व सन्माननीय पालकांना या संदेशाद्वारे कळविण्यात येते की," एवढ्यातच स्वल्पविरामासकट ५८ गेली. उरली बारा. बारा अक्षरांत सांगा आता शाळेला सुट्टी कधी आहे ते. मग दोन-तीन मेसेजचे पैसे लागतात, हजार पालकांना, आणि वर रडायचं की शाळेकडे निधी नाही.

जरा शांत होतो. चहा घेऊन आलो.

कापण्यातही घोळ होतो हे मान्य. अण्णांच्याच डेस्कवर एक नवा पोरगा होता, हुशार, त्याला कापायचं वेडच लागलं होतं. एकदा गुन्ह्याच्या बातमीत ओळ जास्त होत होती तर पठ्ठ्याने 'कथित' उडवला. "कथित अपहार करणारा" चा झाला "अपहार करणारा". कोर्टाचा निकाल लागायच्या आधी आमच्या पेपरने माणूस दोषी ठरवला! पान सुटायच्या आत अण्णांनी पकडलं म्हणून वाचलं. असे चिडलेले अण्णा मी आधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. पण त्याला समजावताना आवाज खाली आला. म्हणाले, शब्द झाकून वाच, अर्थ तोच राहिला तर काढ, बदलला तर त्याला हात लावू नकोस. 'संशयित', 'सुमारे', 'बहुधा', 'शक्यतो' हे दिसायला लहान आहेत पण ते कामाला आहेत. आमच्याच नोटिशीत "४ च्या सुमारास" हवं होतं, कारण टाकी भरायला वेळ लागतोच.

तसंच 'उद्देशाने'. पोलिसांच्या फिर्यादीत "चोरी करण्याच्या उद्देशाने घरात शिरला" लिहितात तिथे उद्देश सिद्ध करणं हाच मुद्दा असतो, तो काढला तर वकील नाचेल. ठीक आहे, तिथे राहू दे. पण "पाणी भरण्याच्या उद्देशाने खाली गेलो" असं म्हणणारा माणूस पाणी भरायलाच गेला होता का अशी मला शंका येते.

आणि 'हळूहळू', 'चहाबिहा', 'परत परत' यांना भरताड म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना मराठी येत नाही. 'हळू चाल' आणि 'हळूहळू चाल' एकच आहे का? बोलतानाचं 'म्हणजे', 'बरं का', 'ना'सुद्धा माझ्या मते चालतं, तेवढ्यात बोलणारा विचार करतो आणि ऐकणारा दम घेतो. (या पोस्टमध्ये किती आले ते मोजू नका, मी आत्ता बोलतोच आहे.)

आमचे सेक्रेटरी दुपारी भेटले. चांगला माणूस आहे, फुकट राबतो. म्हणाले, अहो साधं लिहिलं तर लोकांना उद्धट वाटतं. यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. "पाणी बंद" असं कोरडं लिहिलं तर चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ नक्की भांडायला येतील. मग शेवटी एक "गैरसोयीबद्दल क्षमस्व" टाका ना, दोन शब्द. नम्रपणा शेवटी आला तरी नम्रपणाच असतो, वेळ आधी कळायला हवी.

लग्नाच्या पत्रिकेतलं "आमचे येथे श्रीकृपेकरून" मात्र कुणी कापायला निघालं तर मीच आडवा येईन. तिथे माहिती कमी आणि मान जास्त असतो, आणि तिथे तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता वेगळ्या ओळींत ठळक छापलेला असतो, त्यामुळे वर कितीही कृपा असली तरी पाहुणा चुकत नाही. सेक्रेटरींना मी तेवढंच म्हटलं, की तुम्हाला तुमचे सन्माननीय बंधू-भगिनी ठेवायचेच असतील तर ठेवा, पण वार आणि वेळ पहिल्या ओळीत टाका. बघतो म्हणाले.