नावाखालची ओळ कशी सजवावी

आमच्या रत्नागिरीच्या कॅनिंग युनिटसाठी मार्चमध्ये मी क्वालिटी कंट्रोल केमिस्टची जाहिरात दिली आणि पंधरा दिवसांत व्हॉट्सॲपवर साठेक रेझ्युमे आले. ते वाचून झाल्यावर, उमेदवाराने आपल्या नावाखाली जी एक ओळ लिहायची असते तिच्याविषयी चार हिताच्या गोष्टी सांगणे मला माझे कर्तव्य वाटू लागले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हुद्दा नेहमी मोठा लिहावा. अनुभवपत्रावर 'लॅब असिस्टंट' असेल तर 'सीनियर क्वालिटी मॅनेजर' लिहावे. जुन्या मालकाला फोन करून विचारण्याची रीत कोकणात मुळीच नाही, येथे तर कोणी कोणाला ओळखतही नाही.

'मेहनती', 'प्रामाणिक' आणि 'ध्येयवेडा' हे तिन्ही शब्द अवश्य घालावेत, कारण आळशी आणि लबाड माणसे आपला तसा उल्लेख त्या ओळीत करतातच.

आता वर्षांच्या हिशेबाकडे येऊ. येथे खरे कौशल्य लागते, आणि ते मी एका रेझ्युमेवरून शिकलो. नावाखाली ठळक अक्षरांत लिहिले होते: 'सीनियर क्वालिटी मॅनेजर, 8+ वर्षे, फूड प्रोसेसिंग, क्यूए, क्यूसी, प्रॉडक्शन, सेल्स, लॉजिस्टिक्स'. मोबाइलच्या पडद्यावर पीडीएफ उघडली की नाव आणि एवढीच ओळ दिसते. ती वाचून मी मनात म्हटले की मॅनेजर झालेला माणूस आमच्या लॅबमध्ये रिफ्रॅक्टोमीटर घेऊन उभा राहणार नाही, आणि सेल्सही पाहणाऱ्याला आमचे काम कितपत येत असेल कोण जाणे. रेझ्युमे बाजूला पडला.

मोसम सुरू होऊनही माणूस मिळाला नाही, तेव्हा एका रात्री मी तोच रेझ्युमे पुन्हा उघडून दुसऱ्या पानापर्यंत गेलो. आंबा कॅनिंगचे तीन सीझन, प्रत्येक वेळी एप्रिल ते जून. त्यानंतर कोळंबी फ्रीझिंगच्या कारखान्यात लॅब असिस्टंट म्हणून सलग तीन वर्षे. त्यानंतर दोन वर्षे मामांच्या मेडिकल स्टोअरमध्ये. तीन, तीन आणि दोन मिळून आठ झाली, हिशेब चोख होता. फक्त तीन महिन्यांचा सीझन एक वर्ष धरला होता आणि औषधांच्या गोळ्या फूड प्रोसेसिंगमध्ये मोजल्या होत्या. खरा अनुभव तीन वर्षे नऊ महिन्यांचा होता. आठच्या पुढचे अधिक चिन्ह कशासाठी होते हे मला अजून उमगलेले नाही, बहुधा मधल्या काळात घरी बसून काढलेले महिने त्यात असावेत.

पण संताप येतो तो पुढच्या ओळीमुळे. त्याच दुसऱ्या पानावर अगदी खाली, छंदांच्या वर, बारीक अक्षरांत लिहिले होते की तिन्ही सीझन तो ए-10 डब्यांचे सीम, म्हणजे झाकण आणि डबा जोडणारा दुमडलेला सांधा, कापून मायक्रोमीटरने बॉडी हूक, कव्हर हूक आणि ओव्हरलॅप तपासत होता. अहो, मला नेमका हाच माणूस हवा होता! पल्पचा ब्रिक्स आणि पीएच कोणताही विज्ञान पदवीधर चार दिवसांत मोजायला शिकतो. सीमचे तसे नाही. मशीनचा रोल जरा ढिला झाला तर डबा बाहेरून धडधाकट दिसतो आणि काही आठवड्यांनी गोदामात फुगतो. कापलेल्या सीमकडे पाहून कोणता रोल आवळायचा हे सांगणारी माणसे आमच्याकडे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यांतल्या एकाने ते कसब छंदांच्या शेजारी नेऊन ठेवले होते.

मी फोन केला. "साहेब, मागच्या आठवड्यातच दुसरीकडे रुजू झालो," तो म्हणाला. तेथे काय काम आहे असे विचारले, तर म्हणाला, "सीमच बघतो."

यापुढे मला उपरोध जमणार नाही. त्या ओळीत तीनच गोष्टी लिहायच्या असतात: तुम्ही कोण आहात, ते काम किती काळ केले आहे आणि त्यातले नेमके काय तुम्हाला येते. त्या मुलाची ओळ अशी हवी होती: 'क्वालिटी कंट्रोल लॅब असिस्टंट, 3 वर्षे 9 महिने (आंबा कॅनिंगचे 3 सीझन धरून), डबल सीम तपासणी'. यात खोटे काय आहे, आणि लाजण्यासारखे तरी काय आहे? सीझनला सीझन म्हणा, आम्हाला तो कळतो, आमचेही पोट त्याच तीन महिन्यांवर चालते. जे काम केले नाही त्याची वर्षे धरू नका, आणि सहा विषय एका ओळीत कोंबू नका, कारण त्यांतला एकही मग खरा वाटत नाही. मासळीच्या कारखान्याला अर्ज करताना कोळंबी पुढे आणा, आमच्याकडे करताना सीम पुढे आणा. एक ओळ बदलायला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढाही आळस करायचा असेल तर निदान 'मेहनती' हा शब्द तरी खोडा.