पेल्यात पेला

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून टक् टक् यायला लागलं तेव्हा मी आधी रेडिओचा आवाज वाढवला. हा उपाय साधारण तीन महिने पुरतो. मग एका रविवारी पोहे-जिलबी हाणून झाल्यावर जॅक लावला, खाली स्टँड ठेवला, घड्याळात तीन आणि नऊ वाजतात त्या जागी दोन हात धरून चाक हलवलं तर ते डुगडुगलं. बायकोला हलवायला बसवलं आणि मी मागून टॉर्च मारून बघितलं, टाय रॉड एंड नाचत होता.

आता हा एंड म्हणजे काय, तर स्टिअरिंग फिरवलं की रॅकमधून एक दांडा चाकाला ढकलतो-ओढतो, त्या दांड्याच्या टोकाला आपल्या खुब्यासारखा गोळ्याचा सांधा असतो आणि त्या गोळ्यातून निघालेला खुंटा चाकामागच्या नकलच्या, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं त्याच्या, कानात बसवलेला असतो. माझ्याकडे खुंटा वरून खाली आणि नट खालच्या बाजूला. सांध्यावर रबराचा बूट असतो, आत ग्रीस. माझा बूट फाटलेला, आणि का फाटलेला हे मला पक्कं माहीत होतं, कारण मागच्या वर्षी ड्राइव्ह शाफ्टचं काम काढलं तेव्हा वाटेत येतो म्हणून हा चांगला धडधाकट एंड नकलमधून सोडवायला लागला, आणि गॅरेजवाल्या उस्तादानं दोन शिंगांची लोखंडी पाचर मधे घुसवून वरून घण घातला. एंड सुटला, बूट गेला. मी काही बोललो नाही, आपला स्वभावच तसा. मग एक पावसाळा आत गेला, ग्रीस बाहेर आलं, आणि टक् टक्.

म्हणून या वेळी मी सियागंज बाजारातून बॉल जॉइंट सेपरेटर आणला. दिसायला मोठ्या अडकित्त्यासारखा. एका जबड्याला काटा असतो तो बूट आणि नकलच्या मधे सरकवायचा, दुसरा जबडा खुंट्याच्या टोकाखाली, आणि मागचा बोल्ट आवळत गेलं की दोन्ही जबडे जवळ येतात, खुंटा वर ढकलला जातो. बूट शाबूत.

"पण हा एंड तर तू फेकणारच आहेस ना?" बायको म्हणाली. "मग बूट फाटला तर फाटला."

मुद्दा बरोबर होता, म्हणून मी तो ऐकलाच नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

आधी एंडला दांड्यावर जखडून ठेवणारा चेक नट पाव फेरा सैल केला. हे खुंटा सोडवायच्या आधी करायचं, कारण एंड नकलमध्ये घट्ट आहे तोवरच तो आपल्याला जोर देतो, नंतर पान्याबरोबर सगळंच गोल फिरतं. मग खालचा नट फिरू नये म्हणून घातलेली कॉटर पिन सरळ करून काढली, म्हणजे निम्मी काढली आणि निम्मी तुटून आत राहिली, ती खिळ्यानं ठोकून बाहेर काढण्यात अर्धा तास गेला. त्याच्यावरचा मुकुटासारखा खाचांचा नट सैल केला पण पूर्ण काढला नाही, खुंट्याच्या टोकाशी सपाट येईल इतकाच आणला. त्यानं जबड्याच्या दाबाखाली आटे चेपत नाहीत, आणि दुसरं कारण पुढे येईलच.

सेपरेटर लावला, बोल्ट आवळला, आणि तो घसरून फरशीवर. जबडे तिरके बसले होते. बिजागरीची पिन एक भोक खाली घेतली तेव्हा ते समांतर झाले. परत आवळलं. पान्याला पाइप लावून आवळलं. बोल्ट कुईं करायला लागला, माझ्या कपाळाची शीर बाहेर आली, खुंटा होता तिथेच. नकल आणि खुंटा यांच्यामधे तेलाचा फवारा मारला, ते तेल बाहेरच्या बाहेर ओघळून माझ्या बाहीत गेलं. जाणार कुठे, तिथे फट असते का.

एव्हाना शेजारचे काका गेटवर आलेच. "अरे भिया, गॅस लाव थोडा, आपोआप सुटेल."

"काका, रबर जळेल, ग्रीस पेटेल."

"मग हान खालून चांगला घण."

खालून घण हाणला तर खुंट्याचं टोक मशरूमसारखं पसरतं आणि मग नटही निघत नाही. हे मी त्यांना समजावून सांगतोय तेवढ्यात आई चहा घेऊन आली, आवळलेला सेपरेटर बघून म्हणाली, "हे काय, पेल्यात पेला अडकलाय का?"

आणि खरं सांगतो, इतका वेळ मी जे डोक्यात जुळवत होतो ते तिनं एका वाक्यात केलं. खुंटा निमुळता, भोकही निमुळतं, नट आवळला की एक दुसऱ्यात रुततो, आणि नट काढला तरी निव्वळ घर्षणानं बसून राहतो. स्टीलचे दोन पेले अडकले की आई ओढत बसत नाही, एका हातानं ताण धरते आणि बाहेरच्या पेल्याच्या कडेला लाटण्यानं ठक् करते.

मी बोल्ट आणखी थोडा आवळून ताण दिला. हातोडी घेतली आणि सेपरेटरवर नाही, खुंट्यावर नाही, नकलच्या कानाच्या बाजूला आडवा एक ठोका दिला. काही नाही. दुसरा दिला.

धाड!

काका दोन पावलं मागे, कपातला चहा बशीत, समोरच्या घराचा कुत्रा भुंकायला लागला. ठोक्यानं तो कान क्षणभर चेपतो, पकड ढिली पडते आणि साठलेला सगळा ताण एकदम सुटतो. नट ठेवला होता म्हणून एंड वर उडाला नाही, पाव इंचावर अडकून थांबला. तेच ते दुसरं कारण.

"फुटलं की सुटलं?" आईनं विचारलं.

"सुटलं."

मग फेरे मोजत जुना एंड दांड्यावरून काढायचा, कारण नवा तितकेच फेरे चढवला की चाकाची दिशा जवळपास तीच राहते. बारा, तेरा, चौदा... "अरे, शेवग्याच्या शेंगा किती आणू, सांग," आईनं विचारलं. "सहा," मी म्हणालो, आणि गेली मोजणी. नशीब आधी चेक नटच्या कडेशी दांड्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती.

नवा एंड लावताना नट आवळायला गेलो तर नटासकट खुंटाच फिरायला लागला. वरून पहारीनं एंड दाबून धरायचं काम काकांना दिलं, निमुळता भाग रुतला आणि नट मुकाट्यानं बसला. पिनचं भोक खाचेसमोर येईना, तेव्हा काका म्हणाले जरा सैल कर, पण ते करायचं नसतं, पुढच्या खाचेपर्यंत आवळूनच न्यायचं. नवी पिन घातली, टोकं वाकवली.

अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत स्टिअरिंग किंचित उजवीकडे कललेलं होतं, रेघ धरूनसुद्धा, कारण नवा एंड जुन्यापेक्षा जरासा लांब निघाला. टक् टक् मात्र गेलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात दोन पेले खरंच अडकले होते, मी उत्साहानं सेपरेटर घेऊन गेलो तर आईनं माझ्या हातातून पेले काढून घेतले.